मरून ट्रॉली मोरपंखी करताना: फोटोत फक्त शटरचा रंग कसा बदलायचा

कापूस विकला गेला की आमच्या समुद्रपूरकडे घरांची राहिलेली कामं निघतात. कुठे स्लॅबला पुट्टी, कुठे न्हाणीला टाइल, आणि बहुतेक घरी किचन ट्रॉलीची सनमायका बदलणं. मी गावात फोटोंचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. त्यामुळे गावातला सुतार दर हिवाळ्यात माझ्याकडे येतो, मोबाइलमधला एखादा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "भाऊ, याचा रंग बदलवून दाखव ना, तवा काकू ऑर्डर देते."

पहिल्यांदा हे काम मी पाच मिनिटांत उरकलं होतं. सगळ्या शटरभोवती एक ढोबळ निवड केली, Colorize मारलं, हिरवा आला, प्रिंट दिली. काकूंनी प्रिंट चष्म्याजवळ नेली आणि विचारलं, "हँडलले बुरशी आली का गा?" स्टीलची हँडलं खरंच हिरवट झाली होती, शेगडीच्या कडेला हिरवी रेघ होती आणि काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यात खिडकीचा जो पांढरा पट्टा दिसतो तोही शेवाळल्यासारखा दिसत होता. त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती इथे एकाच फोटोवर शेवटपर्यंत करून दाखवतो. फोटोत खाली सात मरून चकचकीत शटर आहेत, प्रत्येकाला इंग्रजी D च्या आकाराचं स्टीलचं हँडल आहे, वर काळा ग्रॅनाइटचा ओटा, त्यावर काचेची शेगडी, उजवीकडे राखाडी फ्रिज, आणि ओट्याच्या वर कपाटं नाहीत, भांड्यांची स्टीलची मांडणी आहे. काकूंना मोरपंखी हवी होती. अट एकच: "बाकी काईच नोको बदलवू."

सॉफ्टवेअर GIMP, फुकट मिळतं. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर २.१० आहे. ३.० मध्ये एखादं नाव किंवा जागा इकडची तिकडे दिसेल, काम तेच.

आधी फोटो, त्यात नमुन्याचा तुकडा

सनमायकाच्या दुकानात रंगाचे छोटे तुकडे मिळतात. सुताराला सांगून ठेवा की फोटो काढताना हवा तो तुकडा एका शटरवर सपाट धरून एक फोटो काढायचा, आणि त्याच जागेवरून, त्याच उजेडात, तुकड्याशिवाय दुसरा. कॅटलॉगमधला मोरपंखी वेगळा असतो आणि स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखालचा मोरपंखी वेगळा. तुकडा त्याच उजेडात आला की रंगाचा अंदाज बांधावा लागत नाही, तो मोजता येतो.

फ्लॅश बंद. चकचकीत सनमायकावर फ्लॅशचा गोळा पडला की तिथे शटरचा रंगच उरत नाही, नुसता पांढरा डाग राहतो. आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर तो दाबला जातो. Document म्हणून पाठवायला सांगा.

आता Color Picker घ्या. त्याच्या पर्यायांत Sample average चालू करून त्रिज्या थोडी वाढवा, म्हणजे एकाच ठिपक्यावर भरवसा राहत नाही. Shift धरून क्लिक केलं की माहितीची खिडकी उघडते. तिथे RGB च्या जागी LCh निवडा. हे तीन आकडे या कामात फार उपयोगी आहेत. L म्हणजे उजळपणा, C म्हणजे रंगाचा जोर, h म्हणजे रंग कोणता. आमच्या फोटोत शटरच्या मधल्या भागाचा आकडा आला L २५, C ३६, h २३. मोरपंखी तुकड्याचा आला L ३७, C २०, h २१९. म्हणजे नुसता रंग फिरवून भागणार नाही. शटर थोडं उजळ करावं लागेल आणि रंगाचा जोर बराच उतरवावा लागेल. हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवा.

निवड: हँडलच्या आतली पोकळी विसरू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मला सात शटरांना दीड तास लागला, त्यातली वीस मिनिटं लाईन गेल्यामुळे. (म्हणून प्रत्येक शटर झालं की Ctrl+S. फाइल xcf मध्येच सेव्ह करा, काढलेले सगळे पाथ तिच्यात राहतात.)

रंगावरून निवडणाऱ्या जादूच्या कांडीचा मोह आवरा. चकचकीत शटरवर खिडकीचा उजेड पडतो तिथे मरून जवळपास पांढरा असतो आणि कोपऱ्यात जवळपास काळा. कांडी हे दोन्ही भाग सोडून देते आणि हँडलवर पडलेली मरून झाक मात्र उचलते. त्यापेक्षा Paths टूल घ्या, किबोर्डवर B. २०० टक्के झूम करा आणि शटरच्या चार कोपऱ्यांवर चार क्लिक करा. सरळ कडेवर मधे ठिपके देत बसू नका. जितके ठिपके जास्त तितकी रेघ लटपटते, आणि फ्रिजशेजारी ती लटपट लगेच दिसते. मोबाइलच्या रुंद लेन्सने कड किंचित वाकली असेल तर मधली रेघ माऊसने हलकेच ओढा, ती वाकते. शेवटी Ctrl धरून पहिल्या ठिपक्यावर क्लिक केलं की पाथ बंद होतो.

प्रत्येक शटरला तीन पाथ लागतात. पहिला शटरचा. दुसरा हँडलच्या बाहेरच्या कडेचा. तिसरा हँडल आणि शटर यांच्यामधल्या पोकळीचा, जिच्यातून मागची सनमायका दिसते. Paths च्या पॅनेलमध्ये पहिल्यावर राइट क्लिक करून Add to Selection, दुसऱ्यावर Subtract from Selection, तिसऱ्यावर पुन्हा Add to Selection. याच क्रमाने. पोकळी राहिली तर मोरपंखी शटरवर हँडलच्या आत मरून खिडकी दिसते, आणि काकूंची नजर आधी तिथेच जाते.

हँडलच्या खाली एक बारीक सावली असते. नवखा माणूस तिला हँडलचा भाग समजून निवडीतून बाहेर काढतो. ती सावली शटरवर पडलेली आहे, म्हणजे रंग तिचाही बदलायला हवा. बाहेर राहिली तर प्रत्येक हँडलखाली तांबडी रेघ उरते. हँडल म्हणजे फक्त स्टील, तेवढंच वजा करा.

फ्रिजच्या दाराला जो काळा रबर असतो तो निवडीच्या बाहेर. शटर आणि रबर यांच्यामध्ये अंधारी फट असेल तर पाथ फटीच्या मधोमध न्या. दोन्ही बाजू काळ्या असल्यामुळे चूक झाली तरी दिसत नाही. शेगडी ओट्याच्या वर आहे, पण तिची पुढची कड आणि नॉब कॅमेऱ्याच्या कोनामुळे शटरवर आलेले दिसत असतील तर त्यांचाही वेगळा पाथ करून वजा करा. ओट्याची पुढची गोल कड पूर्ण बाहेर ठेवा आणि शटरचा पाथ तिच्या खालच्या सावलीत थांबवा.

सगळी शटर जोडून झाली की Select मधून Grow, १ पिक्सेल. नंतर Feather, १.५ पिक्सेल. Grow कशाला? मोबाइलचा JPEG फोटो उजेडाची माहिती पूर्ण साठवतो, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा दोन्ही दिशांना निम्मीच ठेवतो. त्यामुळे मरून रंग स्टीलच्या कडेवर एक-दोन पिक्सेल सांडलेला असतो. निवड कितीही काटेकोर केली तरी हँडलभोवती तांबूस कड उरते ती याच कारणाने. निवड एक पिक्सेल बाहेर नेली की हे सांडलेलं आत येतं. आणि खाली जी पद्धत वापरणार आहोत तिच्यात राखाडी स्टीलला तेवढ्याने इजा होत नाही. हँडल पितळी किंवा सोनेरी असेल तर मात्र Grow करू नका, कारण त्याला स्वतःचा रंग आहे आणि तो फिरेल.

रंग: Color नाही, Hue

लेयरच्या पॅनेलमध्ये मूळ फोटोची एक कॉपी करा. एक नवीन Layer Group तयार करा आणि कॉपी त्यात ओढा. गटातच कॉपीच्या वर एक नवीन लेयर घ्या, तुकड्यावरून उचललेल्या मोरपंखीने पूर्ण भरा आणि त्याचा Mode LCh Hue करा. निवड चालू असताना रंग ओतला तर तो निवडीपुरताच भरतो आणि कडेला अर्धवट राहतो, म्हणून नवीन लेयर घेतानाच Fill with मध्ये Foreground color निवडा. मग गटावर राइट क्लिक, Add Layer Mask, आणि पर्यायांत Selection. आता जे काही या गटात होईल ते फक्त शटरांवर दिसेल. मूळ फोटो खाली सुरक्षित आहे.

यानंतर लगेच Select मधून None करा. निवड तशीच राहिली तर पुढचे बदल कडेला दोनदा कापले जातात आणि बारीक मरून किनार उमटते. आणि काम सुरू करण्याआधी पॅनेलमध्ये कॉपीवर क्लिक करायला विसरू नका. मास्क निवडलेला असताना Curves लावला तर मास्कच बदलतो. मी हे इतक्यांदा केलंय की आता दर वेळी आधी पांढरी चौकट कुणाभोवती आहे ते बघतो.

बहुतेक लोक इथे LCh Color मोड लावतात. तो रंग आणि रंगाचा जोर दोन्ही वरच्या लेयरमधून घेतो, म्हणजे शटरवरच्या पांढऱ्या चमकेवरही मोरपंखी सारख्याच जोराने बसते. खऱ्या चकचकीत सनमायकावर तसं होत नाही. वरचा थर पारदर्शक असतो आणि त्याच्यावरून परतणारी चमक खिडकीच्या उजेडाचा रंग घेऊन येते, सनमायकाचा नाही. मरून शटरवर ती पांढरी होती, मोरपंखीवरही पांढरीच राहायला हवी. LCh Hue फक्त रंग कोणता तेवढंच बदलतो. उजेड आणि जोर खालच्या फोटोतलाच ठेवतो. पांढऱ्या चमकेत जोर नव्हताच, म्हणून ती पांढरी राहते. स्टीलमध्येही जोर नाही, म्हणून एक पिक्सेल वर चढलं तरी कळत नाही.

याला एक मर्यादा आहे. मूळ शटर पांढरं किंवा राखाडी असेल तर Hue काहीच करणार नाही, कारण फिरवायला रंगच नाही. तिथे LCh Color किंवा Multiply घ्यावं लागतं आणि चमक मास्कमध्ये हाताने काळी करावी लागते. ते काम वेगळं आणि जास्त किचकट आहे.

Hue लावल्याबरोबर शटर भडक निळसर दिसतील, घाबरू नका. मरूनचा C ३६ होता. एवढ्या अंधाऱ्या मोरपंखीत एवढा जोर स्क्रीनवर मावतच नाही, म्हणून तो कापला जातो आणि शटर प्लास्टिकच्या बादलीसारखी दिसतात. आता आकडे जुळवायचे.

कॉपीवर Colors मधून Curves उघडा. Shift धरून फोटोत शटरच्या मधल्या भागावर क्लिक करा. तेवढ्या उजेडाचा ठिपका रेषेवर आपोआप येतो. वरच्या टोकाजवळ, तिरक्या रेषेवरच, आणखी एक ठिपका ठेवा आणि त्याला हलवू नका, तो चमक धरून ठेवतो. खालचं टोकही जागेवर राहू द्या, नाहीतर दोन शटरांमधली काळी फट राखाडी होते आणि सगळं फर्निचर धुळकट दिसतं. मग फक्त शटरचा ठिपका वर ओढा. OK केल्यावर Color Picker मध्ये Sample merged चालू करा आणि शटरच्या त्याच भागावर क्लिक करून L बघा. ३७ च्या आसपास आला की पुरे. मला दोनदा Undo करून पुन्हा ओढावं लागलं.

जोर त्यानंतर उतरवायचा, कारण Curves नेही तो थोडा बदलतो. Colors मधून Hue-Saturation, Saturation −३० पासून सुरू करा, OK, पिकरने C बघा. आमच्या फोटोत −३८ ला C २१ आला. एका आकड्यासाठी भांडत बसलो नाही.

मग सुताराने दुसरा तुकडा काढला. सासूबाईंना पिस्ता हवा होता. मी करून दाखवलं आणि सांगितलंही की यावर जाऊ नका. मरूनचा L २५, पिस्त्याचा ८० च्या पुढे. एवढं ओढलं की फोटोतले दाबलेले चौकोन आणि दाणे उघडे पडतात. शिवाय गडद सनमायकावर खिडकीचं प्रतिबिंब ठसठशीत दिसतं, फिक्यावर ते जवळजवळ विरतं. उजेड वाढवून हा फरक आणता येत नाही. L मध्ये वीसपेक्षा जास्त अंतर असेल तर मी फोटोवर रंग बघायला सांगत नाही, घरात तुकडाच भिंतीला लावून बघा म्हणतो.

ओटा तसाच, फरशी नाही

ओट्यातल्या प्रतिबिंबाला हात लावू नका. ओट्याचा पृष्ठभाग वर बघतो, त्यामुळे त्यात मांडणी, भिंतीच्या टाइल आणि खिडकी दिसते. त्याच्या खालची शटर त्यात दिसूच शकत नाहीत. म्हणजे "ओटा बदलवू नका" ही काकूंची अट या फोटोत प्रकाशाच्या हिशेबानेही बरोबर आहे. वरही मरून कपाटं असती तर ग्रॅनाइटमध्ये त्यांचा मरून पट्टा उमटला असता, आणि वर मोरपंखी, खाली मरून असं चित्र डोळ्याला खटकलं असतं. तसं असेल तर त्या पट्ट्याचाही रंग फिरवणं भाग आहे. गिऱ्हाइकाला ते आधी समजावून सांगा.

उलट फरशी बघा. चकचकीत टाइल असेल तर शटरच्या पायाशी फरशीवर तांबूस छटा पसरलेली असते. कुणीही तिचं नाव घेत नाही, पण ती राहिली की फोटो खोटा वाटतो आणि का ते सांगता येत नाही. गटाच्या बाहेर, सगळ्यात वर, मोरपंखीने भरलेला आणखी एक LCh Hue लेयर घ्या. त्याला पूर्ण काळा मास्क द्या, आणि मऊ कडेच्या मोठ्या ब्रशने पांढऱ्या रंगात फक्त त्या तांबूस पट्ट्यावरून फिरवा. लेयरची Opacity ६० च्या आसपास. टाइलचा स्वतःचा क्रीम रंगही थोडा फिरतो, म्हणून ब्रश तांबूस भागाच्या पुढे नेऊ नका.

फ्रिजच्या बाजूवरही मरूनची पुसट झाक होती. ती मी तशीच ठेवली. प्रकाशाच्या नियमाने ती बदलायला हवी, पण अट अट आहे, आणि त्या राखाडीत ती कुणाला दिसत नव्हती.

तपासणी

डोळ्यावर विश्वास ठेवू नका, तासाभरात तो सरावतो. मूळ फोटोची आणखी एक कॉपी काढून सगळ्यात वर ठेवा आणि Mode Difference करा. जिथे काहीच बदललं नाही तिथे निव्वळ काळं दिसतं, बदललं तिथे उजळ. ओटा, शेगडी, फ्रिज, मांडणी पूर्ण काळी हवी. प्रत्येक हँडल उजळ शटरमध्ये काळ्या D सारखं कापलेलं दिसायला हवं, आणि त्याच्या आतली पोकळी उजळ. माझ्या फोटोत पाचव्या शटरचं हँडल अर्धं उजळ निघालं. पाथ वजा करायचा तिथे मी तो जोडला होता. मास्कवर क्लिक करून, तोच पाथ निवड म्हणून घेऊन आत काळा भरला, मग पोकळीचा पाथ घेऊन पांढरा. काम मिटलं. Difference चा लेयर तपासून झाल्यावर काढून टाका, नाहीतर प्रिंटला जाईपर्यंत लक्षात येत नाही.

File मधून Export As, JPEG, Quality ९२, आणि Advanced Options मध्ये Subsampling 4:4:4. हे न केल्यास हँडलच्या कडेवर रंग पुन्हा सांडतो, या वेळी मोरपंखी. आणि पाठवताना पुन्हा Document म्हणूनच.

काकूंनी या वेळी प्रिंट चष्म्याजवळ नेली, हँडलवरून बोट फिरवलं आणि सुताराकडे बघून म्हणाल्या, "फरशी पुसली वाटते यानं."